'कोण म्हणालं?' फेरी: गेल्या वर्षी भांडण झालं, यंदा नीट करायची आहे

ओसरी
आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी प्रश्नमंजुषा असते. सहा संघ, प्रत्येकात तिघं, आणि एक फेरी माझ्याकडे. पडद्यावर एक प्रसिद्ध वाक्य दाखवायचं आणि ते कोणाचं ते ओळखायचं. गेल्या वर्षी पहिलंच वाक्य टाकलं, "गड आला पण सिंह गेला". मला वाटलं, सुरुवातीला सोपं असावं. पाच संघांनी शिवाजी महाराज लिहिलं. सहाव्या संघात अकरावीतला एक मुलगा होता, त्याने लिहिलं, हरि नारायण आपटे. मी शून्य दिलं. तो उठून म्हणाला, "काकू, हे कादंबरीचं नाव आहे. महाराज असं म्हणाले हे कुठे लिहिलंय ते दाखवा." मला दाखवता आलं नाही. मग त्याचे वडील उभे राहिले, मग दुसऱ्या संघातले आजोबा, आणि आरतीला पाऊण तास उशीर.

यंदा आठ वाक्यं हवी आहेत. सध्या डोक्यात आहेत ती: स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क, वाघिणीचं दूध, विद्येविना मती गेली, मेरी झाँसी नहीं दूँगी. सूत्रं कशी द्यायची आणि वाक्य खरं त्याच माणसाचं आहे हे कसं तपासायचं, सांगा.

तात्या मिरजकर
सोपं आहे की. आमच्या वाचनालयात आम्ही दर वर्षी करतो. "नाचता येईना अंगण वाकडं", कोण म्हणालं? उत्तर, नाचणारीण. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट", उत्तर, कोल्हा. पोरं खूश, आजीआजोबाही खूश. आधार शोधायची भानगडच नाही.

ओसरी
तात्या, म्हणी नाहीत हो, खरी माणसं ओळखायची आहेत. आणि द्राक्षं आंबट हे कोल्हा म्हणतो, म्हण कोल्ह्याबद्दल आहे. तुमच्याकडेही भांडण होणार बघा.

पाउन्सवीर
पडद्यावर नेमके शब्द काय होते? "कोण म्हणालं?" एवढेच असतील तर चूक प्रश्नात आहे, मुलात नाही. "कोण म्हणालं" विचारलं की तुम्ही हमी देताय की अमुक माणसाच्या तोंडून हेच शब्द बाहेर पडले. तशी हमी फार थोड्या वाक्यांची देता येते. बाकीच्यांसाठी वेगळे शब्द वापरावे लागतात: "परंपरेने कोणाच्या तोंडी घातलं जातं", "कोणाच्या पुस्तकात आहे", "कोणाच्या भाषणाचा शेवट या वाक्याने झाला".

तुमच्या यादीतलं "विद्येविना मती गेली" हेच बघा. ते जोतीराव फुल्यांचं आहे यात वाद नाही, 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात आहे, १८८३ चं. पण ते लिहिलेलं आहे, म्हणालेलं नाही. तिथे "कोणी लिहिलं" विचारा, काम झालं. केसरीतल्या अग्रलेखांचं आणखी अवघड. "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" हा १८९७ चा मथळा सगळे टिळकांचा म्हणून सांगतात, आणि बरोबरच आहे, पण अग्रलेखाखाली सही नसायची. म्हणून मी तो "कोणत्या वर्तमानपत्रात" असा विचारतो.

दप्तरदार
'गड आला' बद्दल. त्या मुलाला माझ्यातर्फे एक पेढा द्या.

कोंढाण्याची लढाई फेब्रुवारी १६७० ची. त्या प्रसंगी महाराज काय म्हणाले याचा जुना उल्लेख कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने. तिथे वाक्य आहे, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." तानाजीलाच गड म्हटलंय. सिंह नाही. सिंहाचं रूप घराघरांत पोचवलं ते हरिभाऊंच्या कादंबरीने. शिवाय तानाजी गेला म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं, असं जे सांगतात तेही टिकत नाही. १६६३ च्या महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे, लढाईच्या सात वर्षं आधी.

म्हणजे तुमचं उत्तर परंपरेने बरोबर, मुलाचं उत्तर त्या शब्दांपुरतं बरोबर. दोघांना गुण द्यायला हवे होते.

एक सुचवतो. प्रश्न फेकून देऊ नका, सभासदाचं वाक्यच पडद्यावर टाका: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." हे उद्गार सभासदाने कोणाच्या तोंडी घातले आणि दुसरा 'गड' कोण? पाठांतराने कोणाला येणार नाही, पण विचार केला तर सहावीतल्या मुलालाही येईल.

पाउन्सवीर
हे उत्तम. आम्ही याला 'वर्केबल' म्हणतो. ऐकताक्षणी माहीत नसतं, पण आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवरून तिथवर चालत जाता येतं.

मनमोर
इतकं ताणायची गरज आहे का? 'स्वराज्य' चं वाक्य टिळकांचं, लखनौ काँग्रेस, १९१६. शाळेत सगळ्यांनी शिकलंय. गूगलवर टाकलं तर शंभर साइट्स हेच सांगतात. शंभर ठिकाणी आहे म्हणजे आधार झालाच.

पाउन्सवीर
मनमोर, टिळक बरोबर, १९१६ च्या सुमाराचं हेही बरोबर. पण शंभर साइट्स म्हणजे बहुतेक वेळा एकाच साइटच्या नव्याण्णव नकला. त्यातली एकही "अमुक पुस्तक, अमुक पान" सांगत नसेल तर तो एक साक्षीदारसुद्धा धरायचा नाही. उदाहरण देतो. "आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, मग तुम्ही जिंकता" हे गांधीजींच्या नावावर हजारो ठिकाणी आहे. जवळजवळ याच क्रमाची वाक्यं १९१८ साली अमेरिकेत निकोलस क्लाइन नावाच्या कामगार पुढाऱ्याच्या भाषणात छापलेली सापडतात. गांधीजींच्या लेखनात ती नाहीत.

'स्वराज्य' बद्दल आणखी एक. हे शब्द टिळकांना त्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांनी सुचवले असंही सांगितलं जातं. त्याने तुमचं उत्तर बदलत नाही, कारण टिळक ते म्हणत होतेच. फक्त "सर्वप्रथम कोण म्हणालं" असं विचारू नका. 'सर्वप्रथम' हा शब्द प्रश्नात आला की प्रश्नमंजुषेचं कोर्ट होतं.

आणि लखनौचा हट्ट नको. होमरूलच्या प्रचारातली त्यांची १९१६ ची बेळगाव आणि नगरची भाषणं पक्क्या कागदावर आहेत. सरकारने ती लघुलिपीत उतरवून घेतली, त्यांवरून वीस हजारांचा जातमुचलका मागितला, बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. मला नेहमी गंमत वाटते की आपल्याला सगळ्यात विश्वासू आधार मिळतात ते पकडायला आलेल्या पोलिसांकडून. भक्त वाक्य सुधारून लिहितो. फिर्यादी पक्षाला मात्र शब्द न् शब्द लागतो.

ओसरी
म्हणजे खटल्यातली वाक्यं घ्यावीत?

पाउन्सवीर
निदान दोनतीन तरी. एक पूर्ण करून दाखवतो, मग साचा तुमच्या लक्षात येईल.

२२ जुलै १९०८, मुंबई उच्च न्यायालय. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर टिळक इंग्रजीत दोनतीन वाक्यं बोलले. आज ती तिथल्या ४६ नंबरच्या कोर्टाबाहेर संगमरवरावर कोरलेली आहेत, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्या पाटीचं अनावरण केलं. आधार पक्का, कोणीही जाऊन वाचावं. मराठी मी असं केलंय:

"ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे असंच मी म्हणेन. माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य चालवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत. मी ज्या कार्यासाठी उभा आहे, ते मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या हाल सोसण्यानेच अधिक वाढावं, अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल."

खाली बारीक अक्षरात "मूळ इंग्रजी, अनुवाद आमचा". हे लिहायचंच. नाहीतर कोणीतरी म्हणेल, ही टिळकांची मराठी वाटत नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

पहिलं सूत्र म्हणजे हे वाक्य आणि "मुंबईतल्या न्यायालयात उच्चारलेलं" एवढंच. इथे ओळखलं तर १० गुण. दुसरं सूत्र: "नऊपैकी दोघा ज्यूरींचं मत या माणसाच्या बाजूने पडलं. शिक्षा देणारे न्यायाधीश अकरा वर्षांपूर्वी याच माणसाचे वकील होते." ७ गुण. तिसरं: "शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या दर वर्षासाठी एक दिवस." ४ गुण. मंडाले आणि 'गीतारहस्य' कुठेच आणायचं नाही. ते आलं की सूत्र राहत नाही, उत्तरच होतं.

मनमोर
पहिलं वाक्य काढून टाका ना. "निर्दोष आहे" म्हटल्यावर फार सोपं होतं. "वरच्या शक्ती" पासून सुरू करा.

पाउन्सवीर
तिथेच गोम आहे. ते वाक्य काढलं तर उत्तर सावरकरही होऊ शकतं, आणि "मुंबईतल्या" हे कोणी नीट ऐकलं नाही तर गांधीजीही. मी प्रत्येक सूत्राला एकच प्रश्न विचारतो: चुकीचं पण शहाणं उत्तर कोणतं? पहिल्या वाक्यात 'ज्यूरी' शब्द आहे. सावरकरांचा खटला तीन न्यायाधीशांच्या खास न्यायमंडळापुढे चालला, ज्यूरी नव्हतीच. गांधीजींनी १९२२ मध्ये अहमदाबादला गुन्हा कबूल केला, ते "मी निर्दोष" म्हणणारच नाहीत. म्हणजे ते एक वाक्य दोन्ही दारं बंद करतं. ज्याला हे माहीत आहे त्याला १० गुण मिळालेच पाहिजेत. ज्याला नाही, तो दुसऱ्या सूत्राची वाट बघेल. यात कोणावर अन्याय होत नाही.

हॅमिल्टनची सुमी
आमच्या मंडळात गेल्या हिवाळ्यात अशीच फेरी झाली. इथली मुलं मराठी सावकाश वाचतात, म्हणून मी वाक्यं इंग्रजीतही देते. बाबासाहेबांचं "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" टाकलं आणि इंग्रजीत त्याच क्रमाने उलटवलं. चौदा वर्षांची एक मुलगी म्हणाली, मावशी, क्रम चुकलाय. तिच्या पुस्तकात 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ' होतं. मी मराठीच बरोबर धरून पुढे गेले. कोण बरोबर होतं?

दप्तरदार
मुलगी. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेतलं बाबासाहेबांचं भाषण छापलेलं आहे, त्यात शेवटचा सल्ला म्हणून हाच क्रम येतो: शिका, मग चेतवा, मग संघटित व्हा. मराठी घोषणेत क्रम फिरला आणि मधल्या शब्दाचं 'संघर्ष' झालं. घोषणा म्हणून ती जिवंत आहे, तिला चूक म्हणायचं कारण नाही. पण मराठी घोषणेचं इंग्रजी करून ते "मूळ शब्द" म्हणून दाखवणं चूक. उलट प्रवास करायचा नसतो. मूळ ज्या भाषेत आहे तिथून एकदाच उतरवायचं. हे शब्द ब्रिटनमधल्या समाजवाद्यांनी त्याआधीच घोषणेसारखे वापरले होते, म्हणून "पहिल्यांदा कोण" हा प्रश्न इथेही टाळा.

हॅमिल्टनची सुमी
अरेरे. तिला फोन करते.

ओसरी
आता वाघिणीचं दूध. "शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे, जो पिईल तो गुरगुरल्याशिवाय राहणार नाही." हे बाबासाहेबांचंच ना?

मनमोर
शंभर टक्के. दर १४ एप्रिलला बॅनरवर असतं.

तात्या मिरजकर
आमच्या मास्तरांनी वाघिणीचं दूध म्हणजे इंग्रजी असं शिकवलं होतं. चिपळूणकर. विष्णुशास्त्री. मी मराठी शाळेतला, म्हणून मला ते दूध मिळालं नाही, असं मी नेहमी म्हणतो.

दप्तरदार
तात्या यावेळी निशाण्यावर आहेत. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची उपमा विष्णुशास्त्र्यांच्या नावावर आहे, आणि ते १८८२ मध्येच वारले. गुरगुरण्याचं वाक्य शिक्षणाबद्दल आहे आणि बाबासाहेबांच्या नावावर आहे. म्हणजे एकाच दुधाला दोन धनी. ज्याला चिपळूणकर माहीत आहेत तो "वाघिणीचं दूध" एवढंच वाचून त्यांचं नाव लिहील, तुम्ही शून्य द्याल आणि गेल्या वर्षीचं पुन्हा. बाबासाहेबांचा प्रश्न हवाच असेल तर येवल्याचं घ्या, १३ ऑक्टोबर १९३५: हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. गाव, तारीख, सभा सगळं ठाम.

मनमोर
नाही पटलं. लाखो लोक एक वाक्य एका माणसाचं म्हणून मनात धरून आहेत, ते केवळ भाषणाचा कागद पुढे आला नाही म्हणून त्याचं नाही? ही कागदवाल्यांची दादागिरी झाली. ज्यांचं बोलणं कोणी उतरवून घेतलं नाही त्यांनी काय करायचं?

दप्तरदार
त्याचं नाही असं मी म्हटलेलं नाही. एवढंच म्हणतोय की गुण देण्या-कापण्यासाठी ते वापरू नये. भाषणाची तारीख आणि गाव दाखवा, मी स्वतः पहिला प्रश्न करतो.

पाउन्सवीर
मनमोरचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मी असं एखादं वाक्य घेतो, पण बिनगुणांचं, प्रेक्षकांसाठी. "हे वाक्य कोणाकोणाच्या नावावर आहे?" लोक बोलतात, वेळ छान जातो. दप्तरदारांना हे चालणार नाही, ठाऊक आहे.

दप्तरदार
नाही चालणार. प्रेक्षक घरी जाऊन तेच पुढे सांगतात.

ओसरी
हे तुम्ही दोघं ठरवा. मी झाँसीचंही काढून टाकते मग. ते तर नक्कीच सिनेमातलं असणार.

दप्तरदार
थांबा, ते काढू नका. संशय घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी घ्यावा. जॉन लँग नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील १८५४ मध्ये राणीला भेटला होता, संस्थान खालसा होण्याविरुद्धच्या अर्जासाठी तिने त्याला बोलावलं होतं. त्याने त्या भेटीचं वर्णन छापलं, १८५९ च्या त्याच्या पुस्तकात ते आहे, आणि त्यात राणीचे शब्द रोमन लिपीत तिच्याच बोलीत दिलेत. व्याकरण त्याने वेडंवाकडं ऐकलंय, पण "झाँसी देणार नाही" हे स्पष्ट आहे. आपल्याला सिनेमाचा वाटणारा संवाद समोर बसलेल्या माणसाने टिपलेला निघतो. सूत्र म्हणून लँगच घ्या: "हे उद्गार एका ऑस्ट्रेलियन वकिलाने ऐकले आणि छापले." शब्द मात्र पडद्यावर देऊ नका, 'झाँसी'च्या जागी रेघ ओढा.

आणि एक वाक्य चुकूनही घेऊ नका, पानिपतानंतरचं "दोन मोत्ये गळाली". लोक ते नानासाहेबांपासून भाऊसाहेबांपर्यंत कोणाच्याही नावावर लावतात. ते सावकारी पत्रातलं सांकेतिक वाक्य आहे. 'कोण म्हणालं' ला तिथे उत्तरच नाही.

ओसरी
गुणांचं काय करू? चुकीला वजा ठेवू का? पाउन्सवीर, तुमच्या नावावरून वाटतं तुम्ही ठेवत असाल.

पाउन्सवीर
कॉलेजांत ठेवतो. पाउन्स, म्हणजे आपली पाळी नसताना दिलेलं उत्तर, लागला तर अधिक दहा, चुकला तर वजा पाच. सोसायटीत ठेवू नका, आजोबा वजा गुण घेऊन घरी जात नाहीत. प्रत्येक सूत्रानंतर वीस सेकंद द्या आणि चिठ्ठी गोळा करा. एका प्रश्नाला एका संघाची एकच चिठ्ठी. पहिल्या सूत्रावर दिली आणि चुकली तर त्या प्रश्नातून बाहेर. तीच शिक्षा पुरते.

प्रत्येक प्रश्नामागे तुमच्या हातात एक पान हवं: उत्तर, मान्य होणारं दुसरं उत्तर, आधार कुठला आणि कितव्या पानावर, आणि एका ओळीत "हेच शब्द" की "अशा अर्थाचं". वाद झाला की पान वाचून दाखवायचं आणि पुढे जायचं.

तात्या मिरजकर
वजा गुण ठेवा हो. त्याशिवाय मजा नाही. आमच्याकडे कोल्ह्याला वजा दहा मिळाले होते.

ओसरी
दोन आठवड्यांनी परत आले. आठातले सहा प्रश्न पक्के झालेत. सभासदाचं वाक्य पहिलं घेतलंय. चाचणीसाठी मी त्याच अकरावीतल्या, आता बारावीतल्या, मुलाला बोलावलं. यंदा तो स्पर्धेत नाही, माझ्या बाजूला बसणार आहे. टिळकांचा प्रश्न त्याने दुसऱ्या सूत्रावर ओळखला आणि लगेच म्हणाला, "काकू, 'याच माणसाचे वकील होते' हे बरोबर नाही. १८९७ मध्ये दावरांनी टिळकांचा जामीन मिळवून दिला होता, तय्यबजींपुढे. खटला चालवायला कलकत्त्याहून प्यू नावाचे बॅरिस्टर आले होते."

पाउन्सवीर, हे खरं आहे का?

पाउन्सवीर
खरं आहे. माझंच सूत्र सैल होतं. असं करा: "शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनी अकरा वर्षांपूर्वी वकील म्हणून याच माणसाला जामीन मिळवून दिला होता."

दप्तरदार
दुसरा पेढा.